तिच्या बोलण्यातलं त्याचं नाव

"नुकतीच ओळख झालीय, ती मनापासून आवडते. पण बोलता बोलता ती सहज एखाद्या जवळच्या मित्राचं नाव घेते आणि मी आतून जळतो. तुमचंही असं झालं होतं ना? मग तुम्ही काय केलंत?"

आधी मी जे केलं ते चुकीचं होतं, म्हणून तिथूनच सांगतो.

आमचं स्थळ नात्यातून आलं होतं. "आधी चार वेळा भेटा, बोला, मग ठरवा," असं दोन्ही घरांनी सांगितलं. मी सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो, सुटलो की आम्ही आमराईत भेटायचो. तिसऱ्या भेटीत भडंग खाता खाता ती म्हणाली, "काल झोपायला उशीर झाला. मिरजेचा माझा मित्र आहे ना, त्याची नोकरी गेलीय. साडेअकरापर्यंत फोनवर बोलत होतो." एवढंच बोलून ती दुसऱ्या विषयावर गेली. मी तिथेच अडकलो.

त्या रात्री इन्स्टाग्रामवर त्याचे जुने फोटो खाली खाली सरकवत बसलो. व्हॉट्सॲपवर ती ऑनलाइन आहे का, किती वाजता शेवटची दिसली, ते बघितलं. ती ऑफलाइन दिसली की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग हात परत फोनकडे जायचा. खरं तर मला काहीच कळत नव्हतं. ऑनलाइन असलेलं माणूस कुणाशी बोलतंय हे कुठे दिसतं? पण त्या दहा मिनिटांच्या दिलाशाचीच सवय लागते, आणि दर वेळी तो थोडा लवकर संपतो.

पुढच्या भेटींत मी चौकशी सुरू केली, वरवर अगदी सहज. "मिरजेत कुठे राहतो तो?" "लग्न झालंय का त्याचं?" "कॉलेजपासूनचा का?" प्रश्न साधे होते, पण त्यामागचा सूर तिला ऐकू येत होता. दोन आठवड्यांत तिच्या बोलण्यातून त्याचं नाव गेलं. सुरुवातीला मला हायसं वाटलं. मग एका रविवारी "मिरजेला काम होतं" एवढंच ती बोलली, आणि संध्याकाळी तिच्या स्टेटसला त्याच्या घरच्या वाढदिवसाचा फोटो दिसला. माझ्या पोटात गोळा आला. बघा, लपवते आहे.

मी तिला थेट विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "त्याचं नाव काढलं की तुझा चेहरा बदलतो. म्हणून काढलं नाही."

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. ती त्याचं नाव सहज घेत होती तेव्हा मला सगळं दिसत होतं: केव्हा बोलले, किती वेळ, कशावर. माझ्यापासून झाकायचं काही नाही, हे सांगणारी तेवढी एकच खूण माझ्याजवळ होती. माझ्या उलटतपासणीने ती खूण मीच बंद पाडली आणि मग त्या गप्प राहण्यालाच पुरावा धरून बसलो.

नंतर वाचनात आलं की फायफर आणि वाँग या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली मत्सर मोजताना त्याचे तीन भाग वेगळे धरले: मनातला संशय, आतली भावना आणि आपण करतो ती कृती. ही फोड मला फार उपयोगी पडली. भावना येणारच, तिच्यावर आपला ताबा नसतो. कृती मात्र आपल्या हातात असते. आणि संशय कागदावर उतरवता येतो.

मी तो उतरवला. हिशेबाच्या वहीचं एक पान घेतलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे फक्त तिच्या तोंडून निघालेलं: साडेअकरापर्यंत बोलले, त्याची नोकरी गेली, २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या माडीवरून तिच्या आजीला होडीत उतरवायला तो आला होता. उजवीकडे मी घातलेली भर: त्याला ती आवडत असणार, ती मला त्याच्याशी ताडून बघते, वेळ आली तर ती त्याचीच बाजू घेईल. डावीकडे तीन ओळी झाल्या, उजवी बाजू तळापर्यंत भरली. उजवीकडचं शेवटचं वाक्य वाचल्यावर लक्षात आलं की ते तिच्याबद्दल नव्हतंच. माझं आधी एक जमलेलं लग्न मोडलं होतं, ती धास्ती मी हिच्या खात्यावर मांडत होतो.

फोनचं एकच केलं. तपासावंसं वाटलं की तो स्वयंपाकघरात ठेवून गच्चीवर जायचं. पहिली पंधरा-वीस मिनिटं जड जातात, मग ती ओढ आपोआप ओसरते. रोज ओसरते म्हटल्यावर तिची भीती कमी होत गेली.

मग हरिपूर रस्त्याला चालताना तिच्याशी बोललो. काय मागायचं नाही हे आधी ठरवलं होतं: त्याच्याशी कमी बोल, रात्री बोलू नकोस, मेसेज दाखव, यातलं काहीच नाही. माझं वाक्य असं होतं: "त्याचं नाव निघालं की मला असुरक्षित वाटतं. चूक तुझी नाही, माझं जुनं दुखणं आहे. तू नाव घेणं थांबवू नकोस, मी तपासणी करणार नाही. पण आपण दोघं सध्या फक्त एकमेकांचाच विचार करतोय ना, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय." ती हो म्हणाली. असं स्पष्ट बोलणं होण्याआधी तिच्यावर कसला हक्क सांगायचा? मी तर आठवडेच्या आठवडे न झालेल्या कराराचा भंग शोधत होतो.

हे सगळं करूनही संशय खरा ठरू शकतो, आणि तो ओळखायच्या खुणा वेगळ्या असतात. ती कुणाशी किती बोलते यापेक्षा तुमची जागा कुठे आहे ते बघा. त्या मित्राला तुमच्याबद्दल माहीत आहे का? भेट घालून द्यायची म्हटलं की दर वेळी टाळाटाळ होते का? तुम्ही काहीही न विचारता सांगितलेल्या गोष्टी पुढच्या वेळी बदलतात का? ठरलेली भेट त्याच्यासाठी वारंवार मोडते का? यातलं काही सतत होत असेल तर मन मारून बसू नका, समोर बसून विचारा. आणि उलट बाजूही बघा. तुम्ही पासवर्ड मागत असाल, लोकेशन मागत असाल, ती उत्तर देताना घाबरत असेल, तर ते मत्सराच्या पलीकडे गेलंय. तेव्हा भेटी थांबवून आधी समुपदेशकाकडे जा.

आमच्यात ती भेट तिनेच घडवली. मिरजेत त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला दारातच विचारलं, "तुम्हीच का ते बेदाण्याचे हिशेब बघणारे?" माझ्याबद्दल त्या घरात सगळं माहीत होतं. मी स्टेटस बघून जळत होतो त्या वाढदिवसालाही माझा विषय निघाला होता.

आता लग्नाला तीन वर्षं झाली. त्याचं नाव फोनवर चमकलं की कधी कधी अजूनही आत काहीतरी हलतं, ते मी हलू देतो. परवा ती म्हणाली की त्याला कोल्हापुरात नोकरी लागली. मी विचारलं, "पगार किती देतायत?" तिने क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आकडा सांगितला. मला खरोखर पगारच जाणून घ्यायचा होता.