उणे अनंताने खाल्लेले तीन दिवस

सीईटीच्या तयारीत लिमिटचं प्रकरण माझं आठवड्याभरात उरकायला हवं होतं. त्यातले तीन दिवस एका गणिताने खाल्ले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

अपूर्णांकांचा भाग सरळ गेला. 1/(x−1) − 2/(x²−1) आणि x जातोय 1 कडे. उजवीकडून आलात तर दोन्ही पदं अनंताकडे पळतात. अनंतातून अनंत वजा, म्हणजे शून्य, असं मन म्हणतं आणि तिथेच फसतं. लसावि x²−1 घेतला की अंशात x+1−2, म्हणजे x−1 उरतो. तो छेदातल्या x−1 बरोबर कटतो, 1/(x+1) राहतं आणि उत्तर येतं 1/2.

मग वर्गमुळं. √(x²+6x) − x, x अनंताकडे. इथे लसावि घ्यायला छेदच नाही, म्हणून √(x²+6x) + x ने गुणायचं आणि भागायचं. मी मराठी माध्यमातली, त्यामुळे ‘कॉन्ज्युगेट’ म्हणजे नववीत करणींचा छेद परिमेय करताना वापरलेली अनुबद्ध जोडीच, हे कळायलाच एक दिवस गेला. वर x² कटून 6x उरतो. खाली x बाहेर काढला की x(√(1+6/x) + 1). x जातो, 6/2, उत्तर 3.

आता ते गणित. √(x²+6x) + x, x उणे अनंताकडे. वर्गमूळ धन अनंताकडे जातं, x उणे अनंताकडे, म्हणजे पुन्हा तीच ओढाताण. मी √(x²+6x) − x ने गुणलं, भागलं. अंशात 6x. छेदात मघासारखाच x बाहेर काढला: x(√(1+6/x) − 1). x कटला. वर 6, खाली कंस शून्याकडे. म्हणजे उत्तर अनंत? पर्यायांत अनंत होतंच, मी ते निवडलं. उत्तरसूचीत −3.

पुन्हा केलं, पुन्हा अनंत. दादरहून डोंबिवलीच्या गाडीत वहीच्या मागच्या पानावर केलं, तेच. क्लासच्या नोट्स उघडल्या, तर तिथे √x² = x असं ठळक चौकटीत छापलेलं, पुढे एक शब्द नाही. शंका विचारायला गेले तर ‘फॉर्म्युला लाव, येईल’ म्हणून पाठवलं. त्याच चौकटीने मला अडकवलं होतं, हे मला नंतर समजलं.

सुटलं ते अभ्यासिकेत. तिथल्या एका ताईने माझं पान नीट वाचलं आणि एवढंच म्हणाली, “x मध्ये −100 टाक बघू.” टाकलं. √(10000 − 600), म्हणजे √9400, साधारण 96.954. त्यात −100 मिळवले, −3.046. मग −1000 टाकलं, −3.005 च्या आसपास आलं. उत्तर अनंताकडे मुळीच जात नव्हतं, उणे तीनवर स्थिरावत होतं. “आता सांग, √((−100)²) किती?” मी म्हटलं, “शंभर.” आणि वहीत मी −100 लिहीत होते!

√x² म्हणजे x चं केवल मूल्य. x ऋण असेल तर ते −x. म्हणून उणे अनंताकडे जाताना √(x²+6x) = −x√(1+6/x) लिहायचं. मग छेद होतो −x(√(1+6/x) + 1), कंसात बेरीज येते, शून्य होतच नाही. 6x ला त्याने भागलं की 6/(−2), म्हणजे −3. चौकटीत ‘x ≥ 0 असेल तरच’ एवढं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते. आता मी ते पेनाने लिहून ठेवलंय.

भीती वाटत असेल तर सुरुवातीलाच x = −t ठेवा आणि t अनंताकडे न्या. √(t²−6t) − t होतं, आणि चिन्हाचा घोळच उरत नाही. हल्ली मी हेच करते.

हे आधी सांगायला हवं होतं: गुणायला धावण्यापूर्वी रूप खरंच अनंत वजा अनंत आहे का, ते बघा. √(x²+6x) − x मध्ये x उणे अनंताकडे असेल तर −x धन आहे, दोन्ही पदं एकाच बाजूला ओढतात, उत्तर थेट अनंत. √(4x²+x) − x, x अनंताकडे, हे रूप खरं अनंत वजा अनंत आहे, पण पहिलं पद 2x सारखं वाढतं. x बाहेर काढलात की कंस 2−1, म्हणजे 1 कडे जातो, उत्तर अनंत. दोन्ही पदं सारख्याच वेगाने वाढतात तिथेच कॉन्ज्युगेट लागतो.

आणि पडताळ्याला −1000 पुरे. मी हौसेने सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −10²⁰ टाकलं, तर उत्तर 0 आलं. x² तिथे 41 अंकी होतो, कॅल्क्युलेटर पुढचे मोजकेच अंक धरून ठेवतो, आणि 6x वजाबाकीआधीच गळून पडतो.