‘मत कळवा’ऐवजी ‘छापा’ की ‘थांबा’

“तुमच्या मेलला लेखक त्याच दिवशी उत्तर देतात आणि आमच्या मेल आठ-आठ दिवस पडून राहतात. तुम्ही शेवटी असं काय लिहिता?”

असं सोबत काम करणारे मला विचारतात. पुस्तकांच्या निर्मितीचं काम मी पुण्यात करते. प्रूफं, मुखपृष्ठं, कागद, बांधणी, आणि या सगळ्याच्या मागे धावणाऱ्या मेल. मेलच्या शेवटी मी वेगळं लिहायला लागले ते एका मुखपृष्ठापायी, आणि तेव्हा चूक माझीच होती.

मुखपृष्ठाचे तीन नमुने तयार होते. मी लेखक, त्यांची मुलगी आणि प्रकाशक अशा तिघांना एकच मेल पाठवली. शेवटची ओळ होती, ‘तिन्ही पर्याय सोबत जोडले आहेत. पाहून आपलं मत कळवावं.’ लेखकांचं उत्तर आलं, ‘तिन्ही छान आहेत.’ मुलीने विचारलं, दुसऱ्याचा रंग पहिल्याला लावता येईल का? प्रकाशक गप्पच. त्यांना वाटलं, लेखक ठरवतील. लेखकांना वाटलं, प्रकाशक ठरवतील. मी ‘आठवण म्हणून’ आणखी एक मेल टाकली आणि तिच्याही शेवटी ‘कळवावं’ असंच लिहिलं. नऊ दिवस गेले, छापखान्यातला आमचा नंबर दुसऱ्याला गेला.

नंतर ती मेल शांतपणे वाचली तेव्हा कळलं की तिघांपैकी कुणीच चुकलं नव्हतं. मी मत मागितलं, त्यांनी मत दिलं. मला हवा होता निर्णय, आणि तो मी मागितलाच नव्हता. का नाही मागितला? कारण कोणता नमुना चांगला हे मीच ठरवलं नव्हतं. ‘मत कळवा’ दिसायला नम्र असतं, पण बऱ्याचदा आपला अर्धवट राहिलेला विचार आपण त्यात गुंडाळून समोरच्याच्या पदरात टाकतो. आता मी मेल लिहायला बसले की शेवटची ओळ आधी लिहिते. ती सुचत नसेल तर मेलची वेळच झालेली नसते. आधी चित्रकाराशी बोलायचं असतं किंवा कागदाचा भाव काढायचा असतो.

त्याच पुस्तकाची नंतरची मेल अशी होती. या वेळी ती फक्त लेखकांना होती, प्रकाशक सीसीमध्ये.

‘सर, नमस्कार. मुखपृष्ठासाठी दुसरा नमुना घ्यावा असं माझं आणि प्रकाशकांचं ठरलं आहे, कारण त्यातलं शीर्षक लांबूनही वाचता येतं. पुस्तक १९२ पानांवर पक्कं झालं आहे, त्यामुळे कण्याची जाडीही आता बदलणार नाही. शुक्रवारी सकाळी छपाईच्या प्लेट करायला द्यायच्या आहेत. तेव्हा आपल्याकडून एकच हवं आहे: सोबतच्या पीडीएफमधला मलपृष्ठावरचा मजकूर वाचून गुरुवारी दुपारी ४ पर्यंत ‘छापा’ किंवा ‘थांबा’ एवढंच उत्तर द्याल का? ‘थांबा’ असेल तर मी लगेच फोन करते.’

चाळीस मिनिटांत उत्तर आलं: ‘छापा. पण परिचयातलं प्राचार्य काढा, मी मार्चमध्ये निवृत्त झालो.’ आधीच्या नऊ दिवसांत मलपृष्ठ कुणी वाचलंच नव्हतं. सगळे रंगात अडकले होते.

यात प्लेटचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला ‘गुरुवारपर्यंत कळवा’ लिहायला हात धजत नाही. ते फर्मान वाटतं. म्हणून आपण ‘आपल्या सवडीने’ लिहितो, आणि मग सवड कधीच होत नाही. पण तारखेच्या आधी तिचं कारण लिहिलं की ती तारीख माझी राहत नाही, छापखान्याची होते. प्लेट झाल्यावर वेलांटी बदलायची म्हटली तरी त्या रंगाची प्लेट नवी करावी लागते, हे लेखकांना समजतं. त्याचा राग कुणाला येत नाही. कारण मात्र खरं हवं. गुरुवार सांगून सोमवारपर्यंत प्लेट केली नाही, तर पुढच्या वेळी तुमचा गुरुवार कुणी मोजत नाही.

तसं पाहिलं तर यात माझा शोध काही नाही. जुन्या पत्रांत ‘कळावे, लोभ असावा’ असायचंच, पण खरंच काम असलं की त्याच्या आधी ‘उलट टपाली कळवावे’ ही ओळ यायची. काही जण तर जोडकार्ड पाठवायचे. अर्धं आपलं, अर्धं कोरं. समोरच्याने कोऱ्या अर्ध्यावर दोन ओळी लिहून पेटीत टाकायचं, तिकिटाचीही चिंता नाही. माझं ‘छापा की थांबा’ त्याच जातीचं. बसथांब्यावर उभ्या माणसाला एका अंगठ्याने उत्तर देता येईल का, एवढं मी पाठवण्याआधी पाहते. त्यासाठी त्याला घरी जाऊन कपाट उघडावं लागणार असेल, तर ती ओळ अजून झालेली नाही.

एका मेलमध्ये दोन कामं घातली की सोपं असेल त्याचं उत्तर येतं आणि दुसरं बुडतं. प्रूफ आणि मानधनासाठीचा बँक तपशील मी एकदा एकत्र मागितला. बँक तपशील तासाभरात आला, प्रूफ तीन आठवड्यांनी. आता दोन मेल, दोन विषय.

एक धोका मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात मी पोळले आहे. ‘शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजुरी आहे असं समजू’ ही ओळ फार मोहात पाडते. कागदाचा पोत, मजकुराच्या अक्षराचा आकार, असल्या माझ्याच अखत्यारीतल्या गोष्टींना ती चालते. मी ती अर्पणपत्रिकेला लावली. लेखिका गावी होत्या, तिथे रेंज नव्हती, शुक्रवार उलटला आणि आम्ही छापलं. त्यांच्या आईच्या नावात ‘ई’ दीर्घ हवी होती, आमच्याकडे ऱ्हस्व होती. ५०० प्रतींवर हाताने चिप्प्या लावल्या, त्यातल्या निम्म्या मी. नावं, पैसे आणि अर्पणपत्रिका, इथे गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, फोन करायचा.

आणि कधीकधी खरोखरच मत हवं असतं, संहिता नवी असते तेव्हा. पण तेव्हाही ‘कशी वाटली’ विचारलं की ‘छान’ येतं. ‘तिसरं प्रकरण काढलं तर चौथं समजतं का?’ असं विचारलं की वाचणाऱ्याला ती दोन प्रकरणं खरोखर वाचावी लागतात.

राहिले मेलला उत्तरच न देणारे. आमचे एक लेखक ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मेल रोज सकाळी वाचतात, टंकायचा मात्र कंटाळा. त्यांना काही लिहायला सांगण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे पुढचं पाऊल मी माझ्याकडे घेते. गेल्या महिन्यात शेवटची ओळ लिहिली होती, ‘बुधवारी ११ वाजता मी फोन करते. तेवढं प्रूफाचं १७ नंबरचं पान काढून ठेवाल का?’

बुधवारी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. ‘हॅलो’ नाही, काही नाही.

“काढलंय. बोला.”