नोकरीचं बोलणं फक्त रविवारी

कुपवाड एमआयडीसीतला कारखाना बंद झाल्यापासून हे घरीच आहेत. वर्ष उलटून गेलं. आज पतपेढीतून आले तर हे अंथरुणातच, ताट झाकलेलं तसंच.

आमचं ठरलंय, नोकरीचं बोलायचं ते रविवारी सकाळच्या चहाला. अर्ज कुठे केला, फोन कुणाला करायचा, हप्त्याचं काय, सगळं तेव्हाच. रोज संध्याकाळी "काही कळलं का?" विचारलं की यांना उलटतपासणी वाटते. नकार आलेला असेल तर तो पुन्हा तोंडाने सांगावा लागतो. म्हणून आज एवढंच म्हटलं, "अहो, भाजीला चला." उत्साह येईल मग उठू, असं म्हटलं तर तो येतच नाही. आधी उठावं लागतं. मारुती रोडपर्यंत गेलो, येताना चार वाक्यं बोलले.

पण झोप नाही, जेवण तुटलेलं, कशात मन नाही, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं की ती नुसती नाराजी नसते. माणूस जगणं नको म्हणाला, तर त्याच दिवशी मदत घ्यायची. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मी आज तो आधी स्वतःसाठी लावला. घर, नोकरी आणि यांचा चेहरा सांभाळून माझाही जीव दमलाय. पलीकडच्या ताईंनी मला रडू दिलं.

सोमवारी अर्धी रजा टाकलीय. सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे दोघं जाणार. हे हो म्हणालेत.