फोटोतला तेवढा एकच चेहरा

फोटो दुरुस्तीला आलेला माणूस सहसा चेहरा गेल्याची तक्रार करतो. त्या दिवशी सत्तरीच्या पुढचे दोन मित्र आले, त्यांचं उलटंच. "सगळे पिवळे पडलेत आणि ह्याचाच चेहरा तेवढा शाबूत कसा?" नाना म्हणाले. सोबतचे अण्णा खूश होते.

१९७३ सालचा, अकरावी मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो. नानांचे वडील त्याच शाळेत मास्तर. त्यांच्या ट्रंकेत तो सापडला होता.

कृष्णधवल प्रिंट पिवळी पडते ती बहुधा धुण्यातल्या कुचराईने. फोटो पक्का करायला वापरलेलं रसायन, म्हणजे हायपो, नीट धुतला नाही की कागदात राहतो आणि वर्षानुवर्षं चित्रातली चांदी खात बसतो. पण तो एकाच कागदावर एक डोकं सोडून बाकीचं खाईल, हे काही पटेना. म्हणून दिवा बंद करून टॉर्च फोटोला जवळजवळ टेकवून आडवा मारला. मागच्या रांगेत अण्णांच्या डोक्या-खांद्याभोवती बारीक कड उठून दिसली. कागद कापून चिकटवलेला होता. तो वेगळ्या प्रिंटमधला, नीट धुतलेला, म्हणून टिकला.

भिंग दिल्यावर बाकीचंही दिसलं. सगळ्यांच्या नाकाची सावली डावीकडे, अण्णांची उजवीकडे. शेजारच्या पोरांना मिसरूड फुटलेलं, ह्यांचा चेहरा गुळगुळीत. नानांनी अण्णांच्या खांद्यावर टाकलेला हात त्या कडेपाशी तुटत होता.

"काका, तुम्ही त्या दिवशी शाळेत होतात का?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. "दुष्काळ होता. मी खडी फोडायला जायचो आईबरोबर," ते म्हणाले. "फोटोच्या दिवशी... गेलोच असणार."

नाना एकदम म्हणाले, "अरे, बाबांनी मला जागा सोडून उभं केलं होतं! हात असाच अधांतरी धर म्हणाले. पोरं हसली होती मला."

आदल्या वर्षीच्या स्काउटच्या फोटोतलं डोकं असावं, असं अण्णा गळ्याकडे बघून म्हणाले; स्कार्फ शाईने बुजवून कॉलर काढली होती. त्या काळी असं चिकटवून, कडा रंगवून, पुन्हा फोटो काढायचे आणि त्या निगेटिव्हवरून सगळ्यांना प्रती द्यायचे. प्रतींमध्ये ना कड राहते ना कागदाचा फरक, त्यामुळे पोरांना कधी कळलं नसावं. मास्तरांनी मूळ चिकटवलेली प्रिंट स्वतःकडे ठेवली होती, इतकंच.

काम तसं सोपं होतं. रंगीत स्कॅन करून त्यातला फक्त निळ्या रंगाचा भाग, म्हणजे निळा चॅनेल, घेतला की पिवळं पडून पुसट झालेलं चित्र बरंचसं वर येतं. प्रश्न कडेचा होता. मी ती मिटवू का, असं विचारलं.

नाना म्हणाले, मिटवा. अण्णा म्हणाले, "राहू दे. मी खडीवर होतो म्हटलं तर घरात कोणाला खरं वाटत नाही."


कड ठेवली. तुटलेला हातही.