रात्री दीडची ड्रॉप बसवताना

खराडीतल्या आमच्या ऑफिसात अ‍ॅडमिनचं काम माझ्याकडे आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिलं तपासणाऱ्या टीमची शिफ्ट रात्री दीडपर्यंत न्यायचं ठरलं, तेव्हा साहेबांचं पहिलं वाक्य होतं, "मुलींना अ‍ॅपवरून कॅब घेऊ दे, बिल आपण देऊ." ते तसं चालणार नव्हतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची आहे. नुसतं बिल दिलं की ती सोय झाली असं होत नाही. तिच्या गाडीत आज कोण आहे, ती कुठे उतरली, उतरली की नाही, यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

म्हणून ट्रॅव्हल्सवाला ठरवला. कागद सोपे होते: पिवळ्या पाटीची गाडी, ड्रायव्हरचा बॅज, पोलिसांची चारित्र्य पडताळणी. एक अट मी स्वतः घातली, की रोस्टरमध्ये नाव नसलेला माणूस गाडीत बसणार नाही, ड्रायव्हरचा भाऊ असो की मित्र. 2007 साली पुण्यात नाइट शिफ्टला निघालेल्या मुलीचा कंपनीच्याच कॅबमध्ये घात झाला, तेव्हा ड्रायव्हरसोबत त्याचा मित्र गाडीत होता. पुण्यात हे काम करणाऱ्या कुणालाही ती केस सांगावी लागत नाही.

खरी डोकेदुखी रूट लावण्याची. नियम सगळ्यांना पाठ असतो: सगळ्यात शेवटी उतरणारी बाई नको. कागदावर हे सोपं दिसतं. आमच्या एका गाडीत मुंढव्याचा एक मुलगा, मुंढव्याचीच एक मुलगी, एक हडपसरची आणि एक कोंढव्याची होती. खराडीहून निघालं की मुंढवा आधी, मग हडपसर, मग कोंढवा. म्हणजे मुलगा पहिल्याच थांब्यावर उतरणार आणि कोंढव्याची मुलगी शेवटचा अर्धा तास ड्रायव्हरसोबत एकटी. मुलाला कोंढव्यापर्यंत नेऊन परत मुंढव्याला आणायचं, तर तो पहिल्याच आठवड्यात हात जोडणार. गार्ड बसवायचा, तर तो पुढच्या सीटवर बसतो आणि चार जणांच्या गाडीत तीनच जण मावतात. असं प्रत्येक गाडीत केलं की एक गाडी वाढते, आणि साहेब पुन्हा अ‍ॅपवर येतात.

शेवटी आंबेगावचा एक मुलगा दुसऱ्या गाडीत होता, त्याला या गाडीत आणला आणि मुंढव्याच्या मुलाला तिकडे टाकला. खराडी, मुंढवा, हडपसर, कोंढवा, कात्रज, आंबेगाव असा सरळ रस्ता झाला. तिघी वाटेत उतरतात, शेवटी तो. गार्ड लागत नाही. पण त्याने रजा टाकली की सगळं कोसळतं. म्हणून रात्री आठला रोस्टर बंद करायचं ठरवलं आणि एक गार्ड रोज ऑफिसात राखीव ठेवला. आठनंतर तो मुलगा 'तब्येत बरी नाही' म्हणून घरी गेला, तर गार्ड त्याच्या जागी बसतो. मुंढव्याची मुलगी नसेल तर काहीच बिघडत नाही, आंबेगावचा नसेल तर बिघडतं. ही अशी माणसं कोण, ते यादीत वेगळ्या रंगाने लिहून ठेवलंय.

गाड्या सुरू होण्याआधी मी पॅनिक बटणं दाबून पाहिली. नव्या टॅक्सींना जीपीएसचं यंत्र आणि ही लाल बटणं सक्तीची आहेत, त्यामुळे ट्रॅव्हल्सवाला त्याचा मोठा डांगोरा पिटत होता. एका गाडीत बटण सापडेचना. ड्रायव्हरने हौसेने नवीन सीट कव्हर घातलं होतं, बटण त्याच्याखाली. दुसऱ्या गाडीत दाबल्यावर बऱ्याच वेळाने ट्रॅव्हल्सच्या कंट्रोल रूमचा फोन आला, तोही ड्रायव्हरला. म्हणजे ज्याच्यापासून धोका, त्यालाच विचारणार, "काय झालं?" मी हट्ट धरला की फोन आमच्या ऑफिसच्या नाइट डेस्कला यायला हवा. शिवाय पुढच्या सीटच्या पाठीवर गाडीचा नंबर, डेस्कचा नंबर आणि 112 असं मोठ्या अक्षरांत चिकटवलं. घाबरलेल्या माणसाला आपण कुठल्या गाडीत बसलोय ते आठवत नाही.

आता 'दारापर्यंत'. ड्रायव्हरच्या अ‍ॅपमध्ये 'ड्रॉप झाला' असं बटण असतं आणि ते दाबलं की स्क्रीनवर हिरवी खूण येते. पहिल्या आठवड्यात सगळ्या खुणा हिरव्या. मग कोंढव्याची मुलगी सहज बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, गाडी गल्लीत येत नाही, मी दुकानापासून चालत जाते." एका रात्री मीच त्या गाडीत बसून गेले. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या, आत गाडी वळवायला जागा नाही. ड्रायव्हरला दीडशे मीटर रिव्हर्स मारावं लागतं म्हणून तो कोपऱ्यावरच्या बंद किराणा दुकानाशी सोडायचा. मधला दिवा गेलेला, आणि दिव्याखाली कुत्र्यांची टोळी. मॅपवरची खूण मात्र दुकानावरच टाकलेली, त्यामुळे यंत्राच्या हिशेबाने ती 'घरी' उतरत होती.

त्यानंतर सगळ्यांच्या खुणा इमारतीच्या गेटवर हलवल्या, आणि जिथे गाडी आत जात नाही तिथे ड्रायव्हरने हेडलाइट गल्लीकडे लावून ती गेटात शिरेपर्यंत थांबायचं असं ठरलं. गार्ड असेल तर तो चालत सोबत जातो. पण घरी पोचल्याचं ड्रायव्हरने सांगायचंच नाही, ते मुलीने सांगायचं. 'ड्रॉप' झाल्यावर दहा मिनिटांत तिचा 'पोचले' असा मेसेज डेस्कला आला नाही, तर डेस्क तिला फोन करतो. उचलला नाही, तर संमतीपत्रावर दिलेल्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे आई, नवरा, रूममेट. तिथूनही काही कळलं नाही, तर गाडी परत फिरवायची आणि 112 ला फोन. कुणाची परवानगी घेत बसायचं नाही, हे लिहून दिलंय.

यातही पळवाट निघालीच. डोळ्यांवर झोप आलेली असते, म्हणून काही जणी गाडीतूनच 'पोचले' पाठवायच्या. कुणाला बोलून उपयोग नव्हता. ड्रॉपच्या वेळेआधी आलेला मेसेज धरायचा नाही आणि डेस्कने उलटा फोन करायचा, एवढंच केलं. झोपेत फोन वाजायला लागल्यावर त्या आपोआप घरी जाऊन मेसेज करू लागल्या. दुसऱ्या नंबरचीही गंमत: दोघींनी एकमेकींचा दिला होता आणि दोघी एकाच गाडीत होत्या.

एक तक्रार वेगळी होती. ड्रायव्हरला पिकअपसाठी मुलींचे नंबर दिसायचे, आणि एकाने दुसऱ्या दिवशी 'जेवलात का' असा मेसेज टाकला. ड्रायव्हर त्याच दिवशी बदलला, पण नंबर त्याच्याकडे राहिलेच. आता दोघांचे फोन मधल्या एका नंबरवरून जोडले जातात, कुणालाच कुणाचा खरा नंबर दिसत नाही. पत्त्यातही फ्लॅट नंबर ड्रायव्हरला जात नाही, फक्त गेट.

ड्रायव्हरची झोप हा प्रश्न मात्र अर्धाच सुटलाय. दिवसभर दुसऱ्या कंपनीची ड्युटी करून तोच माणूस रात्री आमच्याकडे येतो, आणि विचारलं तर "आत्ताच उठलो, मॅडम." गाडीच्या जीपीएसचा सकाळपासूनचा प्रवास मागवला की खरं कळतं, कारण गाडी फिरत असेल तर ड्रायव्हरही जागाच. दर शुक्रवारी मी तो मागवते. गेल्या वेळी एक गाडी दुपारी लोणावळ्यात दिसली आणि मी ती रात्री लावू दिली नाही. ट्रॅव्हल्सवाल्याशी त्यावरून अजून भांडण चालू आहे.