डोळा सुजला म्हणजे देवीच का?

"ताई, कोंबडीचा डोळा सुजून बंद झालाय. देवी आहे की सर्दी? कुठलं औषध देऊ?"

असा निरोप मला येतो. सोबत फोटो असतो, तोही फक्त डोळ्याचा. मिटलेला डोळा दोन्ही रोगांत सारखाच दिसतो हो! मला कळायला हवं ते वेगळंच. पहिली कोंबडी कधी आजारी पडली आणि आज किती आहेत? तोंडाजवळ नाक नेलंत तर वास येतो का? चोच उघडून आत पाहिलंत का?

देवी सावकाश चालते. ती डासांमुळे आणि कातडीवरच्या जखमांतून पसरते, म्हणून पावसाळ्यात जास्त. आज एक कोंबडी, आठवड्याने दुसरी. तुऱ्यावर, पापणीच्या कडेला, चोचीच्या कोपऱ्यात, म्हणजे पिसं नसतात तिथे आधी पुटकुळ्या येतात, मग त्या खडबडीत होऊन काळपट खपली धरतात. कोरायझा, ज्याला आपण नुसतं सर्दी म्हणतो, तो दोन-तीन दिवसांत अख्खं खुराडं धरतो. तोंड मऊ सुजतं, डोळ्यात फेस येतो, नाक चिकटतं, अंडी घटतात; पण कातडीवर खपली नसते. आणि वास! एकदा आला की विसरत नाही. धाप लागलेली कोंबडी मात्र फसवते. घशात पिवळे, चिकटून बसलेले थर दिसले, तर ती बहुधा आतली देवी असते. ते ओरबाडू नका, रक्त येतं, डॉक्टरांकडेच न्या. आणि सुजेबरोबर पटापट मरतुक सुरू झाली, तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

माझ्या जाऊबाईंना हे सगळं मीच सांगितलं होतं. त्यांच्याकडे आदल्या पावसाळ्यात देवी येऊन गेली. हळदीचा लेप लावला, तीन-चार आठवड्यांत खपल्या गळल्या. गुण लेपाला मिळाला. देवी विषाणूची, ती आपली आपण उतरते, हे त्यांना कधी पटलं नाही. खरं काम केलं ते त्यांच्या हातांनी: उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसले आणि आंधळ्या झालेल्या कोंबड्यांना भिजवलेला भरडा चोचीत भरवला. देवीत डोळे मिटलेली कोंबडी पुष्कळदा भुकेनेच मरते.

मग मार्गशीर्ष संपता संपता त्यांनी आठवडी बाजारातून एक कोंबडा आणला आणि थेट खुराड्यात सोडला. तिसऱ्या दिवशी निम्म्या कोंबड्यांची तोंडं सुजली. बाई पुन्हा लेप घेऊन बसल्या. मी गेले, दार उघडताच वास आला. कुठे खपली नाही, सगळ्यांचं पाण्याचं भांडं एकच. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं सल्फाचं औषध लिहून दिलं आणि ते सांगतील तोवर अंडी खायची-विकायची नाहीत असं बजावलं. औषध लागू पडेना, कारण कोंबड्या मोरीचं पाणी पीत होत्या. मोरी झाकली, डोळे मिटलेल्यांना हाताने पाजलं, तेव्हा कुठे सूज उतरली. महिन्याभराने त्यांनी नव्या तलंगा आत सोडल्या. जुन्या ठणठणीत, तलंगांची तोंडं सुजली.

यावरूनच आमचं भांडण. देवीतून उठलेली कोंबडी सहसा पुन्हा देवीने आजारी पडत नाही, पण गळालेल्या खपल्यांच्या धुळीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. कोरायझाचं उलट. त्याचा जंतू कोंबडीबाहेर फार दिवस जगत नाही, पण बरी झालेली कोंबडी तो अंगात वागवते. म्हणजे देवीत खुराडं संशयित, कोरायझात कोंबडी.

तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलेली औषधाची मुदत संपली की सगळ्या कोंबड्या एकदम काढा, खुराडं धुऊन दोन-तीन आठवडे रिकामं ठेवा, मग नवी पिल्लं आणा. पुस्तकी उपाय हाच, आजही. पण त्यांत त्यांची खुडूक बसणारी गावरान होती, जी दरवर्षी पिल्लं काढून देते. ती काढायची कशी? "तू पगारावर जगतेस," म्हणाल्या. मला राग आला, आणि उत्तरही सुचलं नाही. कोरायझाची लस आहे म्हणा, पण ती जंतूच्या प्रकाराशी जुळावी लागते आणि अंगातला जंतू काढत नाही. देवीची लस तेवढी सोपी: पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. गावात देवी आली आणि आपल्याकडे एखाद-दुसरीच आजारी असली, तरी उरलेल्यांना टोचून घ्यावी. सात-दहा दिवसांनी त्या जागी बारीक गाठ दिसली नाही, तर लस लागली नाही. बाटली मोठी येते, म्हणून चार घरं मिळून आणतो.

शेवटी तोडगा निघाला तो असा: जुन्या कोंबड्या त्यांच्याकडे, नवी पिल्लं माझ्या परसात, भांडी वेगळी, आणि दाणे टाकताना आधी पिल्लांकडे जायचं. त्यांना तो अजून अपमान वाटतो. मला तो अर्धाच उपाय वाटतो.