काठावर नापास

नर्सिंगच्या परवाना परीक्षेत थोडक्यात राहिले. आठवडाभर पुस्तकाला हात लावला नव्हता. आज मॅडमचा मेल आला. सांत्वन दोनच ओळींचं, बाकी सगळं कामाचं.

सराव परीक्षेतले चुकलेले 30 प्रश्न मी त्यांना पाठवले होते. प्रत्येकापुढे कारण लिही म्हणाल्या: माहीतच नव्हतं, की माहीत असून चुकलं? लिहायला बसले. खरोखर माहीत नव्हते असे निघाले फक्त 9.

एक प्रश्न त्यांनीच उलगडून दाखवलाय. शस्त्रक्रियेनंतरचा पेशंट अचानक अस्वस्थ झालाय, गोंधळलाय, कपडे ओढतोय. आधी काय कराल? मी वेदनाशामक निवडलं होतं. मॅडम लिहितात, "अगं, अस्वस्थपणा हे ऑक्सिजन कमी पडल्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, हे तूच ज्युनिअर्सना सांगतेस ना? आधी श्वास आणि सॅच्युरेशन बघ. अशात मॉर्फिन दिलंस तर श्वास आणखी मंदावेल."

खरंच की. 'शस्त्रक्रिया' वाचलं आणि 'दुखत असेल' ठरवून मोकळी झाले. 'अचानक' आणि 'गोंधळलाय' या शब्दांवरून नजर नुसती घसरली. उरलेल्या 21 पैकी 13 प्रश्नांत हीच गत. आणि मी मात्र औषधांच्या नोट्स तिसऱ्यांदा काढायला निघाले होते!

उद्यापासून पर्याय हाताने झाकायचे, प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायचा, मगच हात उचलायचा. मॅडमना रविवारी 20 प्रश्न पाठवायचेत, कारणांसकट.